'आवडून राहिलं' किती चालते: सात वाट्या की दोनातलं एक?

प्रश्न: सर, माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पीएचडीसाठी वऱ्हाडीतल्या 'करून राहिला', म्हणजे 'करत आहे', या बांधणीवर काम करतोय. 'डोकं दुखून राहिलं' सगळेच म्हणतात, 'माहीत असून राहिलं' कोणीच म्हणत नाही, पण 'आवडून राहिलं'वर आमच्या घरातच दोन मतं. लोकांना १ ते ७ नंबर द्यायला लावू की दोन वाक्यांतलं एक निवडायला लावू? आणि मधात लटकलेल्या वाक्यांचं काय करायचं?

उत्तर:

भाऊ, आधी एक तपासून घ्या. तुम्हाला जी तुलना करायची आहे तिच्यातली दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवता येतात का, आणि ठेवली तर त्यांच्यात फक्त तुमच्या कामाचाच फरक उरतो का? उरत असेल तर दोनातलं एक निवडायला लावा, म्हणजे फोर्स्ड चॉइस. दुसरेही फरक सोबत घुसत असतील तर १ ते ७ नंबर घ्या, म्हणजे लिकर्ट स्केल. तुमच्या विषयात दोन्ही प्रकारचे प्रश्न आहेत म्हणून दोन्ही करून दाखवतो.

पहिला प्रश्न नकाराचा घ्या. 'पोरगा ऐकून नाही राहिला' आणि 'पोरगा नाही ऐकून राहिला'. शब्द तेच, बोली तीच, अर्थही तोच, फक्त 'नाही'ची जागा हलली. अशी जोडी मिळाली की फोर्स्ड चॉइससारखी दुसरी पद्धत नाही, कारण माणसाला डोक्यात कुठलीच मोजपट्टी धरून बसावं लागत नाही. दोन हातात दोन टरबूज दिले तर जड कोणतं हे लहान पोरगंही सांगते, पण एकच हातात देऊन किती किलोचं म्हणून विचारलं तर मोठा माणूसही अडखळते. स्प्राउस आणि अल्मेडा या भाषाशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये चार पद्धती समोरासमोर ठेवून तपासल्या होत्या, की खरा असलेला फरक किती लोकांत पकडला जातो, आणि त्यात दोन वाक्यांमधला फरक ओळखायला फोर्स्ड चॉइस सगळ्यात तेज निघाली, लिकर्ट, मॅग्निट्यूड एस्टिमेशन म्हणजे एका ठरावीक वाक्याच्या मानानं आकडा देणं, आणि नुसतं हो-नाही विचारणं या तिन्ही तिच्या मागे.

करायचं असं. १० जोड्या बनवा, प्रत्येकीत वेगळं क्रियापद आणि वेगळा माणूस, नाहीतर तुम्ही 'नाही'ची जागा मोजण्याऐवजी 'ऐकणे' या एका शब्दाची सवय मोजाल. ऐकवून विचारणार असाल (आणि गावात ऐकवूनच विचारा, वाचायला दिलं की माणूस शाळेत जाऊन बसते) तर कोणतं वाक्य आधी आणि कोणतं नंतर हे अर्ध्या वेळा उलटं करा. थकलेला माणूस शेवटी ऐकलेलंच उचलते, आणि क्रम उलटा केला नसेल तर ही सवय तुमच्या निकालात चूपचाप मिसळून जाते, नंतर वेगळी काढता येत नाही. 'दोन्ही सारखेच' असा तिसरा पर्याय ठेवू नका, भिडस्त माणूस सगळी उत्तरं त्याच्यातच टाकून मोकळा होते.

आता समजा ४० लोकांना विचारलं आणि एका जोडीत ३० जणांनी 'ऐकून नाही राहिला' उचललं. लोक नुसतं नाणं उडवून सांगत असते तर ४० पैकी ३० इतका कल दोन्हीपैकी कोणत्याही बाजूला हजारात दोन-तीनदाच दिसला असता, म्हणून कल खरा आहे असं धरायला हरकत नाही. सगळ्या १० जोड्या एकत्र बघायच्या असतील तर माणूस आणि जोडी दोघांचाही वेगवेगळा कल मॉडेलमध्ये घ्या, कारण एकाच माणसाची १० उत्तरं म्हणजे १० वेगळी माणसं होत नाहीत:

```r
library(lme4)
m1 <- glmer(pick ~ 1 + (1 | person) + (1 | item),
            family = binomial, data = fc)
```

पण या ३०चा अर्थ लावताना पोरं फसतात आणि थिसिसमध्ये लिहून टाकतात की दुसरं वाक्य अव्याकरणिक आहे. असं काहीच सिद्ध झालं नाही. दोन्ही वाक्यं उत्तम असतील आणि एक जराशी जास्त जिभेवर बसलेली असेल तरी ३० येईल. दोन्ही भिकार असतील आणि एक जरा कमी भिकार असेल तरीही ३०च येईल. आणि फरक प्रचंड असेल तर ४० पैकी ४० येतील, मग त्याच्यापुढे फरक मोजायला जागाच उरत नाही. फोर्स्ड चॉइस दिशा पक्की सांगते, पण वाक्य कोणत्या उंचीवर बसलं हे तिला विचारू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, 'आवडून राहिलं'. याला जोडी कोणती देणार? पहिला मोह होतो 'मले हे गाणं आवडून राहिलं' आणि 'मला हे गाणं आवडत आहे' अशी जोडी करायचा. मीही सुरुवातीला हेच केलं होतं आणि अख्खं उन्हाळ्याचं काम वाया गेलं, कारण एक वाक्य गावचं आणि दुसरं पुस्तकातलं. ओसरीवर बसलेले एक काका माझ्याशी बोलताना सरळ म्हणत होते, 'पाणी येऊन राहिलं बाप्पा, गाडी आत घ्या', आणि मशीनवर 'पाणी येऊन राहिलं' वाजलं की 'हे अशुद्ध आहे, दुसरं घ्या'. प्रत्येक जोडीत तसंच. त्यांनी 'राहिलं'ला नापास केलं नव्हतं, समोर कागद-पेन घेऊन बसलेल्या माणसापुढे वऱ्हाडीला नापास केलं होतं. गावच्या आणि पुस्तकी वाक्याची जोडी केली की तुमचा फोर्स्ड चॉइस प्रतिष्ठा मोजते, आणि आकडे तर इतके सुंदर येतात की शंकाही येत नाही.

म्हणून दोन्ही बाजू वऱ्हाडीतच ठेवा. 'तो वावरात जाऊन राहिला' याच्या जोडीला 'तो वावरात जाते', आणि 'मले हे गाणं आवडून राहिलं' याच्या जोडीला 'मले हे गाणं आवडते'. आता बोली सारखी झाली, पण अर्थ सारखा नाही, 'जाते' आणि 'जाऊन राहिला' ही वेगळी गोष्ट आहे, त्यामुळे कोणतं चांगलं हे विचारण्यात अर्थ नाही. इथं प्रत्येक वाक्याला एकट्यानं नंबर घ्यावा लागतो आणि वजाबाकी आपण नंतर करायची. इथं लिकर्टच लागते.

डिझाइन दोन बाय दोनचं. एकीकडे बांधणी, 'राहिला' की साधं 'जाते'. दुसरीकडे क्रियापद, कृतीचं (जाणे, निंदणे, खाणे) की स्थितीचं (दुखणे, आवडणे, असणे). १२ कृतीची आणि १२ स्थितीची क्रियापदं घ्या, प्रत्येकाची दोन वाक्यं, झाली ४८. पण एका माणसाला एका क्रियापदाचं एकच वाक्य ऐकू द्या, नाहीतर तो आधीचं उत्तर आठवून दुसरं देते. म्हणून दोन याद्या, एकेका यादीत २४ वाक्यं, चारही खणांत ६-६. त्यात २४ भरतीची वाक्यं मिसळा, आणि ही भरती दुर्लक्ष करायची चीज नाही. तिच्यात काही एकदम चोख वाक्यं पाहिजेत, काही सरळ मोडलेली, काही मधली, म्हणजे माणसाला स्केलची दोन्ही टोकं दिसतात. सगळी मोडलेली वाक्यं तुमच्याच बांधणीची असली तर पंधरा मिनिटात तो ओळखते की मास्तर 'राहिला'च्या मागे लागले आहेत.

नंबरांचं म्हणाल तर १ ते ७ कागदावर शाळा-कॉलेज केलेल्यांना जमते, पण सत्तरीतल्या आजीला 'या वाक्याला ५ द्याल की ६' म्हणणं म्हणजे तिला उगाच कोड्यात टाकणं. मी सात वाट्या ओळीनं मांडतो आणि हातात तुरीचे दाणे देतो. डावीकडची वाटी म्हणजे असं आपल्याकडचं माणूस बोलणारच नाही, उजवीकडची म्हणजे सोळा आणे आपलंच बोलणं. एक वाक्य, एक दाणा, आणि दाणा टाकल्या टाकल्या मी वाटी लिहून घेतो आणि दाणा उचलतो, कारण दाणे साचत गेले तर माणूस वाट्या बरोबरीनं भरायला लागते. एका आजीनं 'डोकं दुखून राहिलं'चा दाणा वाक्य संपायच्या आत शेवटच्या वाटीत टाकला. 'मले हे लुगडं आवडून राहिलं'ला हात चौथ्या वाटीवर गेला, मग सहावीवर, मग परत पाचवीवर येऊन थांबला, आणि ती म्हणाली, 'नवीन घेतलं असन तर म्हणन कोणी.' हे वाक्य मी समासात लिहून ठेवलं, त्याचं काम पुढे पडलं.

विचारताना 'बरोबर', 'शुद्ध', 'व्याकरण' हे तिन्ही शब्द तोंडातून काढू नका. 'असं लोक म्हणतात का' हेही नको, कारण मग माणूस किती वेळा ऐकलं ते आठवत बसते, आणि सात वर्षांतून एकदा ऐकलेलं वाक्यही अगदी चोख असू शकते. मी म्हणतो, 'हे बोलणारा आपल्याच गावचा वाटते, का बाहेरून आलेला, वऱ्हाडी शिकून बोलणारा?' रेकॉर्डिंग गावच्याच एका आवाजात करा, आणि मोडलेली वाक्यं त्या माणसाकडून पाच-सहा वेळा म्हणवून घ्या. पहिल्या वेळी तो हमखास अडखळते, आणि ऐकणारे वाक्याला कमी देण्याऐवजी त्या अडखळण्याला कमी देतात. शिवाय भरतीमध्ये 'मले काम आहे', 'त्याले सांग' अशी तीन-चार वाक्यं टाका, जी गावात सगळेच बोलतात. ज्यानं त्यांनाही दुसऱ्या वाटीत टाकलं तो त्या ओसरीवरच्या काकांसारखा पुस्तकी मराठीच्या पट्टीनं मोजून राहिला आहे. अशांना बाजूला काढायचा नियम डेटा बघायच्या आधी लिहून ठेवा, नंतर ठरवला तर तो नियम तुमच्या आवडीचा होते.

आता समजा सरासऱ्या अशा आल्या. कृतीची क्रियापदं: 'जाते' ६.३, 'जाऊन राहिला' ६.२. स्थितीची क्रियापदं: 'आवडते' ६.१, 'आवडून राहिलं' ३.९. नुसत्या ३.९ला भिडू नका. स्थितीच्या क्रियापदांत बांधणी बदलल्यानं पडलेला फरक २.२, कृतीच्यांत ०.१, आणि या दोन फरकांमधला फरक २.१. हा २.१ म्हणजे 'राहिला' आणि स्थिती एकत्र आल्याचा दंड. स्थितीची वाक्यं मुळातच लांब किंवा विचित्र असती तर ते 'आवडते'च्या खणातही दिसलं असतं आणि वजाबाकीत निघून गेलं असतं. चार खण घेण्याचं कारण एवढंच आहे.

एक अडचण आहे. ७च्या वर जागा नाही. कृतीची दोन्ही वाक्यं छताला टेकली असतील तर त्यांच्यातला खरा फरक दबून गेला असेल आणि तुमचा २.१ थोडा फुगलेला असेल. आणि ४ आणि ५ मधलं अंतर ६ आणि ७ मधल्या अंतराएवढंच असते हे कोणी सांगितलं? वाट्यांचा क्रम खरा, अंतर खरं असेलच असं नाही. म्हणून सरासरी चित्र बघायला ठेवा आणि हिशोब क्रमवार डेटाच्या मॉडेलनं करा. ते वाट्यांमधल्या सीमा डेटावरूनच काढते:

```r
library(ordinal)
m2 <- clmm(factor(rating) ~ constr * verbtype +
             (1 + constr | person) + (1 + constr | item),
           data = lik)
```

काही लोक ५ ते ७ मध्येच फिरतात, काही १ आणि ७ शिवाय हातच लावत नाहीत. ग्राफ काढताना प्रत्येक माणसाचे नंबर त्याच्याच सरासरीतून वजा करून त्याच्याच पसाऱ्यानं भागून घ्या, म्हणजे झेड स्कोर. हे चालते कारण दोन्ही याद्यांत चांगल्या-वाईटाचं प्रमाण सारखं ठेवलं आहे, याद्या असमान असत्या तर यानंच घोळ झाला असता.

आता मधात लटकलेली वाक्यं, ज्यासाठी तुम्ही लिहिलं. मधला नंबर आला की लगेच 'व्याकरणच पायऱ्यापायऱ्यांचं असते' असं लिहायची घाई असते. १९८३ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ग्लाइटमन दांपत्यानं लोकांना विचारलं होतं की ही संख्या विषम संख्येचं किती चांगलं उदाहरण आहे, तर लोकांनी ३ला ४४७ पेक्षा चांगली विषम संख्या ठरवलं. विषम म्हणजे विषम, त्यात कमी-जास्त काही नसते, आणि हे त्या लोकांनाही माहीत होतं. स्केल हातात दिली की माणूस पायऱ्या देतेच. म्हणून स्वीकारार्हता, म्हणजे कानाला कसं लागलं, ही पायऱ्यांची आहे एवढंच तुमचे नंबर सांगतात. व्याकरणही तसंच आहे का, हे त्याच नंबरांवरून ठरत नाही. केलरसारखे भाषाशास्त्रज्ञ व्याकरणातच पायऱ्या मानतात, बरेच जण व्याकरण हो-नाही ठेवून पायऱ्या स्मरण, सवय, अर्थ यांच्यावर टाकतात. या भांडणात उडी मारायच्या आधी आपला ३.९ सोलून बघा.

पहिली साल क्रियापदांची. तो ३.९ उघडला आणि समजा १२ क्रियापदांचे चार-चारचे तीन गट दिसले: दुखणे, वाजणे (थंडी वाजून राहिली), दिसणे हे ६.०वर, आवडणे, पटणे, आठवणे हे ४.०वर, आणि माहीत असणे, पुरून उरणे यांसारखे १.७वर. तिघांची सरासरी ३.९च, पण ३.९वर बसणारं एकही क्रियापद नाही असंही होऊ शकलं असतं. म्हणजे 'स्थितीची क्रियापदं' ही तुमची पेटीच एकजिनसी नव्हती. थंडी वाजणं ही चालू असलेली घटना आहे, माहीत असणं नाही.

दुसरी साल माणसांची, आणि बहुतेक थिसिस इथंच घसरतात. ४.०वर बसलेल्या 'आवडून राहिलं'चे ४० नंबर एकेका वाटीत किती पडले ते मोजा. जर १७ जणांनी ६-७ दिले, १६ जणांनी १-२ दिले आणि मधात फक्त ७ जण, तर मधलं वाक्य असं काही नाहीच, तुमच्यासमोर दोन व्याकरणं बसली आहेत आणि तुम्ही त्यांची सरासरी काढली. मग वय, गाव, शिक्षण, लग्न होऊन कुठून आली, हे लावून बघा कोण कुठं पडते. तुमच्या घरातलं भांडण हेच असू शकते. आणि जर २८ जण ३ ते ५ मध्येच असतील तर मात्र प्रत्येकाच्या स्वतःच्या कानातच ते वाक्य मधलं आहे. दोन्हींची सरासरी ४ येते, म्हणून सरासरी आणि एरर बार छापून कोणत्या वाटीत किती दाणे पडले याचा ग्राफ न छापणारा पेपर मला अर्धाच वाटते. हे स्केल एका वाक्यावरूनच दाखवते बरं का, फोर्स्ड चॉइसमध्ये ६०-४० आलं तर लोक दोन गटांत फुटले की सगळेच डळमळीत आहेत हे एका जोडीवरून कळत नाही. त्यासाठी त्याच माणसाला त्याच प्रकारच्या ८-१० जोड्या द्याव्या लागतात आणि बघावं लागते की तो दर वेळी एकाच बाजूला जाते का.

तिसरी साल संदर्भाची, आणि इथं त्या आजीचं वाक्य कामाला येते. 'नवीन घेतलं असन तर.' म्हणजे 'आवडून राहिलं' तिला चालते जेव्हा आवडणं हळूहळू वाढत आहे. एकट्या वाक्याला ऐकणाऱ्यानं तो संदर्भ स्वतःच रचायचा असते, ज्याला पटकन सुचला तो ६ देते, ज्याला नाही सुचला तो २. मग तुमचा मधला नंबर व्याकरणाचा नसून संदर्भ रचायच्या कष्टाचा आहे. तपासायला सोपं आहे: त्याच वाक्याच्या आधी एक वाक्य जोडा. एका यादीत 'पहिले मले हे गाणं बेकार वाटे, पण आता आवडून राहिलं', दुसऱ्या यादीत 'मले लहानपणापासून हे गाणं आवडून राहिलं'. पहिलं वर गेलं आणि दुसरं खाली, तर कोडं सुटलं. आणि इथं बोली एक, बांधणी एक, क्रियापद एक, म्हणून ही जोडी तुम्ही फोर्स्ड चॉइसमध्येही देऊ शकता, एकाच माणसाला दोन्ही ऐकवून. तिकडे दिशा पक्की होईल, वाट्यांवर उंची कळेल. 'माहीत असून राहिलं'लाही हाच संदर्भ लावून बघा, तो १.७वरून हललाच नाही तर तिथं नुसता संदर्भ कमी पडत नव्हता, वेगळंच काही आहे.

या तीन साली काढल्यावरही एकाच माणसाच्या एकाच संदर्भात वाक्य ४वरच बसत असेल, आणि महिन्याभरानं परत विचारलं तरी चौथ्याच वाटीत दाणा पडत असेल, तर ती पायरी खरी समजून तिच्यावर लिहा. परत विचारायला निदान १०-१२ लोक तरी ठेवा, आणि यादी दुसरी द्या पण ती चार-पाच वाक्यं तीच ठेवा.

वेळेचं सांगतो. ४८ वाक्यं वाट्यांवर घ्यायला आजीसोबत चहा धरून पाऊण तास जाते. निंदणाच्या दिवसांत जाऊ नका, कापूस वेचणीतही नाही, माणूस दमलेलं असते आणि शेवटची १५ वाक्यं सगळी एकाच वाटीत पडतात. पहिल्या आणि दुसऱ्या अर्ध्यातल्या भरतीच्या वाक्यांचे नंबर शेजारी लावले की हा थकवा लगेच दिसते, पहिल्यांदा १ मिळालेल्या मोडक्या वाक्यासारखंच दुसरं शेवटी ५वर गेलेलं असते. आधी ६ लोकांवर करून बघा, आणि वाट्या एकाच रंगाच्या घ्या. माझ्या पहिल्या संचात सातवी वाटी पितळेची होती, आणि पोरं दाणे तिच्यातच टाकून राहिले होते.